जांघेतलं गजकर्ण

टॉवेलच्या कारखान्यात ज्यानं जन्म घालवला, त्याला घामाचं काय सांगायचं. आमच्या शेडमध्ये पंखा लावत नाहीत. पंखा लावला की कापसाची धूळ उडते आणि मालावर बसते. वर पत्रा, खाली फरशीवर मारलेलं पाणी, मधे मागांचा खडखडाट. उन्हाळ्यात सोलापूर बाहेर जेवढं तापतं, तेवढं आत शिजतं. बाहेरचा घाम वाळतो, आतला वाळत नाही. तो पाठीवरनं उतरतो, कमरेला जमतो, आणि तिथनं खाली जांघेत जाऊन दिवसभर बसून राहतो.

माग चालवायचं वय माझं संपलं. आता मी बसून तुटलेली सुतं जोडून देतो. मालक म्हणाला होता, घरी बसा. मी म्हणालो, घरी मेलेली माणसं बसतात. म्हणून रोज कुंभारीहून येतो, स्टुलावर बसतो, आणि बसल्या जागी घाम गाळतो. चालत्या माणसापेक्षा बसलेल्या माणसाची जांघ जास्त भिजते, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

आधी उजव्या बाजूला, मांडी जिथं अंगाला मिळते तिथं, रुपयाएवढा लाल डाग आला. खाजायचा. मला वाटलं, घामोळं. आठवड्याभरात तो डाग पसरला आणि मधनं साफ व्हायला लागला. मधली कातडी नितळ, आणि कडेनं उंच, लाल, कोंडा सुटलेली गोल कड. परातीच्या काठासारखी. मग दुसऱ्या मांडीवर तसंच. आमच्या आईकडे याला गजकर्ण म्हणायचे. नाव माहीत होतं, पण माझ्या अंगाला ते नाव लावायला मी तयार नव्हतो. गजकर्ण घाणेरड्या माणसाला होतं, अशी माझी समजूत. मी दोन वेळा अंघोळ करणारा माणूस.

खाज म्हणजे काय, ज्याला झाली त्यालाच ठाऊक. चारचौघांत हात नेता येत नाही. मी बीमच्या, म्हणजे मागावरच्या सुताच्या मोठ्या रिळाच्या, मागं जायचो, सूत बघायचं सोंग करायचो आणि खाजवून घ्यायचो. खाजवताना असं सुख वाटायचं की डोळे मिटायचे. नंतर आग.

शेजारच्या मागावरचा माणूस हे बघत होता. तो विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, माझ्यापेक्षा पुष्कळ धाकटा. मला मामा म्हणतो. एकदा डबा खाताना म्हणाला, "मामा, बीमच्या मागं लई सूत तुटायलंय तुमचं आजकाल."

"तुला काय करायचंय?"

"करायचं काय. मला पण हाय की. या शेडमदी कुणाला न्हाय ते सांगा."

त्यानं उठून मागाच्या मागं खिळ्याला अडकवलेली प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत एक ट्यूब, अर्धी पिळलेली. म्हणाला, "लावा. एका रात्रीत थंड. आमी सगळे हेच लावतो. संपली की ज्याची पाळी त्यो आणतो."

सांगायला लाज वाटत नाही, मला त्या दिवशी त्याचा मुका घ्यावासा वाटला. रात्री लावली, सकाळी खाज नाही. तीन-चार दिवसांत लाली गेली, कड बसली. मी म्हणालो, गेलं. बंद केली. पुढच्या आठवड्यात परत आलं, आणि पहिल्यापेक्षा मोठं.

शेडमधल्या पिशवीवर भार नको म्हणून मी स्वतःची ट्यूब घ्यायचं ठरवलं. कुंभारीतल्या दुकानात सगळे ओळखीचे, म्हणून रिक्षानं नव्या पेठेत गेलो. तिथल्या गर्दीत कोण कुणाला विचारतो. औषधाच्या दुकानात शेडमधल्या ट्यूबचं मोकळं खोकं दाखवलं, दुकानदारानं न बघता ट्यूब पुढं टाकली. शेजारी एक बाई उभी होती म्हणून मी म्हणालो, "पायाच्या भेगांना पायजे." तो हसला. म्हणाला, "बाबा, सगळे पायाच्याच भेगांना नेतात."

असा मी अडकलो. लावली की जातं, सोडली की येतं, दर वेळी जास्त जागा धरतं. एका गोलाच्या आत दुसरा गोल यायला लागला. मांड्यांवरनं मागं बैठकीवर गेलं, तिथनं वर कमरेला. आधी रात्री एकदा लावायचो, मग दोनदा, मग खिशात घेऊन हिंडायला लागलो. तंबाखू मी आयुष्यात खाल्ली नाही. ज्यांना तिची तलफ येते त्यांना मी हसायचो.

बायकोला कधी झालं ते मला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरात टॉवेल एकच. हसायला येईल कुणाला, जन्मभर टॉवेल केले आणि घरात दोघांत एक. पण आमच्यात तशीच पद्धत. नवा टॉवेल पाहुण्याला, जुना घरच्याला. मी अंग पुसून दारामागं टाकायचो, तोच ओला टॉवेल ती घ्यायची. लुगड्याच्या गाठीखाली, कमरेला, तिला गोल उठले. ती लेकीकडं मोहोळला गेली तेव्हा लेकीनं बघितलं आणि तिथल्या कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? ती म्हणाली, नाही. माझी अब्रू राखली. औषध घेऊन बरी झाली, घरी आली, आणि पावसाळा लागायच्या आत परत तिच्या कमरेला तेच.

त्या दिवशी मी कामावरनं आलो तर ती पिशवी भरत होती.

"कुटं निघालीस?"

"मोहोळला."

"परवाच आलीस की."

"आले आन् परत घेतलं की तुमच्याकडनं." तिनं पिशवीत साड्या दाबल्या. "डाक्टर म्हनला हुता, घरातल्या सगळ्यांनी बरोबर औषद घ्या, न्हायतर फिरत ऱ्हातंय. मी खोटं बोलले. दोनदा बोलायची न्हाय."

"मला काय झालेलं न्हाय. उष्णता हाय."

"उष्णता." ती माझ्याकडं बघत राहिली. "अवो, तुमचे कपडे धुते कोन? मला दिसत न्हाय व्हय? तुमी डाक्टरला दावा. दावलं, बरं झालं, की फोन करा. तवर मी न्हाय येत. मला या वयात हे न्हाय सोसत."

"जा मग. कोन आडवतंय?"

ती गेली. मी दाराशी उभा राहिलो, वळून बघेल म्हणून. ती वळली नाही.

एवढ्या वर्षांत ती मला सोडून अशी कधी गेली नव्हती. भांडलो असू, ती माहेरी गेली असेल, पण परत येण्याचा दिवस ठरलेला असायचा. आता तो दिवस माझ्या जांघेवर ठरला होता. मी तिला बोलवू शकत नव्हतो, कारण बोलवायचं म्हणजे डॉक्टरला दाखवायचं. आणि दाखवायचं म्हणजे पोरासोरांपुढं पँट सोडायची. या वयात.

मी ठरवलं, ट्यूबनंच पुरता बरा होतो आणि मग फोन करतो. भरपूर लावली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. घरात एकटा होतो, त्यामुळे लाजायचं कारण नव्हतं. पंख्याखाली पाय पसरून बसायचो. खिडकी लावलेली, बाहेरनं कुणी बघू नये म्हणून. आत उकडायचं, उघडली तर शेजारीण दिसायची. लेक फोन करायची. "आप्पा, जेवलात का?"

"जेवलो."

"आई विचारतीय, दावलं का?"

"तिला म्हनावं, तू स्वतः विचार."

मागं बायकोचा आवाज यायचा, "मी न्हाय विचारत." आणि फोन बंद.

मग एके दिवशी अंघोळ करताना हाताला काहीतरी लागलं. आरशाचा तुकडा धरून बघितलं. मांडीच्या आतल्या बाजूला कातडी कागदासारखी पातळ झालेली, आणि तिच्यावर लांब लांब रेघा, जांभळट, गर्भारपणात बायकांच्या पोटावर येतात तशा. नख लागलं की रक्त. आणि गोल काही गेले नव्हते. ते कमरेभोवती फिरून पोटावर आले होते. मी घाबरलो. ते खाजेनं झालं नव्हतं, मलाही कळत होतं. ज्या औषधानं मी बरा होणार होतो, तेच मला खात होतं.

सरकारी दवाखान्यात गेलो. कातडीच्या विभागासमोर ओळ लांब. माझ्यासारखेच पाय फाकवून उभे असलेले बाप्ये पुष्कळ. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. आत गेलो तर पडद्यामागं खुर्चीत एक मुलगी. माझ्या लेकीपेक्षा लहान. तीच डॉक्टर.

"बसा आजोबा. काय होतंय?"

मी शर्ट थोडा वर केला आणि पोटावरचा गोल दाखवला. "हे एवढंच."

तिनं बघितलं. "खाली आहे का?"

"न्हाय."

"मांडीत? जांघेत?"

"न्हाय म्हनलं की."

"आजोबा, पोटावर एकटं सहसा येत नाही. ते खालनं वर येतं." ती हसली नाही, रागावलीही नाही. "मी बाहेर जाते, एक पुरुष डॉक्टर बघतील. चालेल?"

मी म्हणालो, "नको. आपलं एवढंच हाय." आणि उठलो. दाराकडं निघालो. दारात पुढचा माणूस उभा होता, तो बाजूला होईना. मागं ती, पुढं तो, आणि मधे मी. मी एकदम थांबलो. बाहेर गेलो तर कुठं जाणार होतो? घरी कोण होतं? मोहोळची आठवण झाली आणि मी परत फिरलो.

पुरुष डॉक्टर आला, पोरगाच तो. पडदा लावला. मी छताकडं बघत राहिलो. त्यानं बाहेर जाऊन तिला काहीतरी सांगितलं, आणि मग म्हणाला, "आजोबा, मॅडमना बघावं लागेल. या रेघा आहेत म्हणून." मी मान हलवली. ती आली. तिनं हातमोजे घातले, बघितलं, एका बोथट पात्यानं कडेचा कोंडा काचेवर खरवडून घेतला, आणि म्हणाली, "झालं. घाला कपडे." एवढंच. मी त्या क्षणाची किती भीती बाळगली होती, आणि तिला त्याचं काहीच नव्हतं. मला थोडा अपमानच वाटला.

"कोणती ट्यूब लावता?"

"कुटलीच न्हाय."

"आजोबा."

मी खिशातनं काढून टेबलावर ठेवली. तिनं ट्यूबवरचं बारीक वाचलं. "यात बुरशीचं औषध आहे, पण बरोबर स्टेरॉइड आहे, लई जोराचं." लई म्हणाली ती, माझ्यासाठी. "स्टेरॉइडनं खाज लगेच बसते, लाली जाते, म्हणून वाटतं बरं झालं. पण बुरशी आत जिवंत राहते. तिच्याशी लढणारी अंगातली शक्ती तिथं झोपते, आणि बुरशी आणखी पसरते. कातडी पातळ होते. या रेघा राहतील कदाचित, कायमच्या. यापुढं ही ट्यूब नाही. कुणी दिली तरी नाही."

मग तिनं काचेचा तुकडा आत पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं, बुरशी दिसली. तिनं सगळं विचारलं. हृदयाचा काही त्रास आहे का, यकृताचं काही झालं होतं का, साखर, दुसऱ्या गोळ्या. रक्त तपासायला सांगितलं. रक्ताचा कागद आल्यावर गोळ्या दिल्या, पोटात घ्यायच्या, आणि खाजेसाठी रात्रीची वेगळी. आणि एक मलम, नुसतं बुरशीचं. ते गोलाच्या बाहेर दोन बोटं पुढं जाऊन लावायचं, सकाळ-संध्याकाळ, अंग पुरतं कोरडं करून. "डाग गेले तरी दोन आठवडे पुढं लावायचं. घाईत बंद केलं तर परत येणार. घरात आणखी कुणाला?"

"मालकिणीला. तिचं मोहोळला चाललंय."

"मग चांगलं. टॉवेल वेगळा. कपडे गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, चड्डी उलटी करून इस्त्री फिरवा. घट्ट घालू नका. ओलं अंगावर ठेवू नका." आणि निघताना म्हणाली, "पहिले काही दिवस ट्यूब सोडल्यामुळं जास्त खाजेल. घाबरून जाऊ नका."

जास्त खाजेल म्हणजे किती, ते तिनं सांगितलं नाही. बरंच झालं. सांगितलं असतं तर मी तिथनं नव्या पेठेत गेलो असतो.

कातडी पेटली. लाल भडक झाली, पाणी सुटलं. थंड पाण्याचा कपडा पिळून ठेवायचो, मग पुसून कोरडं करायचो, मग मलम. मलम लावलं तरी काही होत नव्हतं. ट्यूबनं एका रात्रीत जे व्हायचं ते या मलमानं आठवड्यातही होईना. कारखान्यात स्टुलावर बसलो की दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचो, हात आपोआप जायला नकोत म्हणून. सूत जोडायला हात काढावे लागायचे, मग पुन्हा आत.

शेजारचा म्हणाला, "मामा, हात बांदल्यात का कुणी?"

मी त्याला ट्यूबचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "डाक्टर लोकं असंच म्हनत्यात. हे घ्या, आजच्या पुरतं लावा. बघवंना तुमच्याकडं." त्यानं पिशवी पुढं केली. मी ती पिशवी बघत राहिलो. तोंडाला पाणी सुटावं तसं मांडीला सुटलं. म्हणालो, "ठेव तिकडं. आन् तू पण लावू नको."

"मग मी काय करू?"

"माझ्यासंगं चल. दावायचं एकदाच आसतंय."

"तुमी दावलं?"

"दावलं."

"बाईला?"

"व्हय, बाईला."

तो असा हसला की दोन माग थांबले. मला राग आला नाही. हसणाऱ्याच्याही जांघेत तेच होतं.

हळूहळू मांड्या निवल्या. मधे कधीतरी एका सकाळी माझ्या ध्यानात आलं की मी रात्रभर झोपलो होतो. कड बसली, कोंडा गेला, लाल होतं ते काळपट झालं. मी लेकीला फोन करायला निघालो होतो. म्हटलं, आधी अंघोळ करू. अंघोळ करताना कमरेला हात गेला तर तिथं ओळीनं पुरळ. कमरेभोवती गोल गोल, एकाला एक लागून, पट्ट्यासारखे. बाकी सगळं जातंय आणि हे तिथंच नवं येतंय.

परत दवाखाना. या वेळी मी न सांगता शर्ट वर केला. तिनं वाकून बघितलं आणि बोट लावून म्हणाली, "आजोबा, हे काय?"

"करदोटा."

काळ्या सुताचा, कमरेला बांधलेला. लहानपणी आईनं पहिला बांधला होता. तेव्हापासून तो कमरेवरनं उतरला नव्हता. जीर्ण झाला की आधी नवा बांधायचा आणि मग जुना काढायचा, ही आमची रीत. एक क्षणही कंबर मोकळी ठेवायची नाही. करदोटा तुटतो तो माणूस गेल्यावर, तिरडीवर घालायच्या आधी.

"दिवसभर घामात भिजतो, अंघोळीत भिजतो, वाळत कधी नाही," ती म्हणाली. "तुम्ही कपडे उकळता, पण हा दोरा उकळत नाही. बुरशी यातच राहते. हा काढायला लागेल."

"ते न्हाय व्हायचं."

"निदान बरं होईपर्यंत."

"बाई, तुमी सांगितलं ते सगळं केलं. पँट काडली. हे न्हाय. हे मेल्यावर काडत्यात."

तिनं पेन खाली ठेवलं. "नवा बांधला तरी तोही भिजणारच. मी जबरदस्ती करत नाही. पण हा असेपर्यंत हे जाणार नाही, आणि तुमच्याकडनं घरच्यांना जात राहील."

मी तिथनं उठून आलो. रागानं नाही, मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून. घरी आलो, बसलो. आईचा हात आठवला, तिनं गाठ मारताना बेंबीवर अंगठा दाबला होता. वडील गेले तेव्हा त्यांच्या कमरेचा दोरा माझ्यासमोर तोडला होता. तुटताना आवाज नाही आला, सुताचा आवाज येत नसतो. पण मला वाटलं होतं आला.

दोन दिवस मी तसाच बसलो. मांड्या बऱ्या, कंबर पेटलेली. तिकडं बायको, इकडं दोरा. आणि मग मला एक वाट दिसली. करदोटा नवऱ्याच्या आयुष्याचा, म्हणजे बायकोच्या कुंकवाचा. तिला विचारतो. ती म्हणणार, नको, अशुभ. मग मी म्हणेन, बघ, तूच अडवलंस, आता ये घरी. मला माझी हुशारी फार आवडली. फोन केला. लेकीला म्हणालो, "आईला दे. मी बोलनार हाय."

फोन तिच्या हातात गेला. श्वास ऐकू आला.

"मांड्याचं गेलं," मी म्हणालो.

"व्हय का. चांगलं झालं."

"कमरेचं न्हाय जात. डाक्टरीण म्हनती, करदोटा काड. म्हनलं, तुला इचारतो. तुझ्या कुंकवाचा प्रश्न हाय."

मी मनातल्या मनात हसत होतो. मग ती म्हणाली, "अवो, माझं कुंकू त्या दोऱ्यावर टांगलंय व्हय?"

"तसं न्हाय, पन..."

"मी इतकी वर्सं तुमचं जेवान, धुनं, दुकनं-खुपनं बगितलं, ते काय करदोट्यानं? तोडा की. आन् मला इचारू नका. तुमाला काडायचा न्हाय, म्हनून मला इचारताय. मला कळत न्हाय व्हय?"

"अगं..."

"तोडला की फोन करा." आणि तिनंच फोन ठेवला.

माझी शेवटची भिंत तीच होती आणि ती अशी बाजूला झाली. आता दोष द्यायला कुणी उरलं नाही.

सूत कापायची छोटी कात्री माझ्या शर्टाच्या खिशात कायम असते. ती काढली. भर दिवसा, खिडकी उघडी ठेवून, उभ्यानं. दोरा बोटांत धरला तर ताठ लागला, घामाच्या मिठानं. त्याखालची कातडी लाल आणि ओली. मी देवाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, आणि कापला. काही झालं नाही. बाहेर रिक्षा चालली होती, ती चालत राहिली. दोरा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. नदीत सोडावा असं मनात आलं होतं, पण म्हटलं, त्यात बुरशी आहे, दुसऱ्याच्या पाण्यात कशाला.

त्यानंतर कितीतरी दिवस माझा हात कमरेला जायचा आणि रिकामा परत यायचा. पँट घसरतेय असं वाटायचं, घसरत नव्हती. चालताना मी मोकळा आहे की सुटलोय ते कळायचं नाही. शेडमध्ये टाकीवर हातपाय धुताना शेजारच्या मागावरच्यानं माझी मोकळी कंबर बघितली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, तुमच्यासंगं कधी चलायचं?" त्याच्या घरात लहान पोरं होती. त्याला मी घेऊन गेलो. डॉक्टरीण त्याला म्हणाली, ट्यूब द्या. तो माझ्याकडं बघत राहिला, मी छताकडं.

कमरेचं गेलं. मलम मात्र मी सोडलं नाही. तिनं सांगितलं होतं तेवढं पुढं लावत राहिलो, डाग नसलेल्या कातडीला. पूर्वी हे मला वेडेपण वाटलं असतं. मग फोन केला.

बायको दुपारच्या एसटीनं आली. मी दार उघडलं. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, पिशवी हातात. लेकीनं दिलेला नवा टॉवेल काखेत, तिचा एकटीचा.

"ये की आत."

"दावा आदी."

"काय?"

"काय म्हंजे. बाईला दावलं, मला न्हाय व्हय दावनार?"

"अगं, रस्ता हाय."

"दार लोटून घ्या. मी हितंच उभी हाय."

मी दार लोटलं, ती अर्धी आत, अर्धी बाहेर. उजेड तिच्याच बाजूनं येत होता. मी लुंगी सोडली. इतक्या वर्षांत तिनं मला दिवसाउजेडी असं कधी बघितलं नव्हतं. ती वाकली. मांड्यांचे काळे डाग बघितले, रेघांवरनं बोट फिरवलं, कमरेभोवती मोकळ्या जागेवर हात नेला आणि तिथंच ठेवला. मी उभा होतो, शाळेत पुढं बोलावल्यासारखा.

"दुकतंय का आता?"

"न्हाय."

"खाजतंय?"

"न्हाय."

"ह्या रेगा जातील?"

"न्हाय म्हनली."

ती सरळ झाली. "घाला लुंगी," म्हणाली, आणि मग पिशवी घरात ठेवली.